अळणी ताट आणि ब्रोमाइडची बाटली

फार्माकोलॉजीत मी नापास झालो ते तोंडी परीक्षेत, आणि तेही दोनच शब्दांमुळे. परीक्षकांनी विचारलं, फार्माकोकायनेटिक्स म्हणजे काय आणि फार्माकोडायनॅमिक्स म्हणजे काय? तेव्हा हे शब्द नवे होते. आमच्या जुन्या पुस्तकात धड नव्हतेच, नव्या आवृत्तीत आले होते आणि ती आवृत्ती वसतिगृहात तिघांत मिळून एक होती. मी दोन्हींच्या व्याख्या बरोबर सांगितल्या, फक्त उलट्या सांगितल्या. परीक्षक हसले सुद्धा नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

नागपूरहून नापासाची बातमी घेऊन डोणगावला आलो तेव्हा वडील दोन दिवस बोलले नाहीत. आत्या मात्र बोलली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली, आणि आई घरात असूनही मला तिनंच वाढवलं. ती म्हणाली, "इतकं काय तोंड पाडून बसला? पुन्हा बस परीक्षेले. मी पाह्यतो देवीकडे." देवीकडे पाहणं म्हणजे काय ते मी विचारलं नाही. घरातली बाई देवीशी काय बोलते हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती, आणि मला त्यात रसही नव्हता. पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ माझ्या या बेपर्वाईत आहे, असं मला आजही वाटतं.

परत नागपूरला गेलो, वर्गात बसलो, आणि पोळ्याच्या आधी अभ्यासाची सुट्टी घेऊन पुन्हा गावी आलो. परीक्षा दसऱ्यानंतर होती. घरी पाव्हणेरावळे फार, म्हणून मी पुस्तक घेऊन गावातल्या दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर बसू लागलो. दवाखाना एका वयस्कर डॉक्टरांचा होता. त्यांचा हात चांगला आणि तोंड तिखट. त्यांच्याकडे वीस वर्षांपासून असलेले कंपाउंडर हे बौद्ध वाड्यातले होते, सातवी शिकलेले. पण कुठल्या औषधात काय मिसळलं की गढूळ होतं, हे त्यांना माझ्या प्राध्यापकांइतकं ठाऊक. गाव त्यांना कंपाउंडरभाऊ म्हणायचं, मीही म्हणायचो.

तेव्हा अर्धी औषधं बाटलीतूनच जायची. रोगी घरून रिकामी बाटली आणायचा, भाऊ त्यात मिक्श्चर भरायचे आणि बाटलीच्या अंगावर कागदाची दातेरी पट्टी चिकटवायचे. एक दाता म्हणजे एक खुराक. आत्याची बाटली मला लहानपणापासून ओळखीची. तिला फेफरं यायची, आणि अकरा वर्षांपासून ती सकाळ-संध्याकाळ एकेक दाता ब्रोमाइडचं मिक्श्चर घेत होती. फेफरं जवळजवळ थांबली होती.

भाऊंना माझ्या पुस्तकाची फार उत्सुकता. दुपारी गर्दी ओसरली की ते ओट्यावर येऊन बसायचे आणि म्हणायचे, "सांगा, आज काय वाचून राह्यले?" मीही सांगायचो, कारण दुसऱ्याला सांगितलं की आपल्याला कळतं किंवा आपल्याला कळलं नाही हे तरी कळतं.

"औषध शरीराले काय करते, ते एक शास्त्र," मी त्या दिवशी सांगत होतो, "आणि शरीर औषधाले काय करते, ते दुसरं."

"म्हणजे?"

"ब्रोमाइड मेंदूत जाऊन फेफरं दाबते, ते पह्यलं. डायनॅमिक्स. पोटातून रक्तात किती गेलं, कुठं कुठं पसरलं, मूत्रपिंडानं किती दिवसात बाहेर टाकलं, ते दुसरं. कायनेटिक्स."

"सोपं तर हाये," भाऊ म्हणाले. "तुम्ही काऊन नापास झाले?"

मी चिडून अर्धायुकाल काढला. रक्तातलं औषध निम्मं व्हायला जो वेळ लागतो तो अर्धायुकाल. रोज ठरलेला डोस दिला की औषध साचत साचत एका पातळीला येतं आणि तिथंच टिकतं. ती स्थिर अवस्था. ती यायला साधारण चार-पाच अर्धायुकाल लागतात. हे मी पाठ केलेलं घडाघडा म्हटलं. भाऊ शांतपणे मागच्या अंगणातल्या रांजणाकडे पाहत होते. दवाखान्याचं वापरायचं पाणी त्यात असे. रांजणाला बुडाशी बारीक चीर होती आणि तिच्यातून पाणी झिरपून फणसाच्या आळ्यात जायचं, म्हणून कोणी तो टाकून दिला नव्हता.

"मी रोज सकाळी यात दोन घागरी टाकतो," भाऊ म्हणाले. "वापरलं नाही तरी पाणी त्या हिरव्या रेघेच्या वर जात नाही. पह्यल्या दिवशी खाली असते, मंग चढते, आणि तिथंच थांबते. तेच का हे?"

मी पुस्तक खाली ठेवलं. अक्षरशः उठून रांजणापाशी गेलो. रांजण जितका भरलेला, तितकी चिरेतली धार जोराची. रिकामा होता तेव्हा दोन घागरी आत आणि थोडंसंच बाहेर, म्हणून पाणी चढत गेलं. चढत गेलं तसं बाहेर जाणंही वाढत गेलं. ज्या रेघेला आत येणं आणि बाहेर जाणं सारखं झालं, ती हिरवी रेघ. दोन महिने मी आलेख पाठ करत होतो आणि तो आलेख दवाखान्याच्या मागे शेवाळलेला उभा होता! मला इतका आनंद झाला की मी भाऊंच्या पाठीवर थाप मारली. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे.

"चार घागरी टाकल्या तर?" त्यांनी विचारलं.

"रेघ दुप्पट वर जाईल. पण तिथवर जायले दिवस तितकेच लागतील."

"काऊन? जास्त पाणी, लवकर भरंल ना."

"कारण जायची रेघही दूर गेली. किती उंच, हे घागरी ठरवतात. किती दिवसात, हे चीर ठरवते." हे वाक्य मी बोललो तेव्हा ते मला पहिल्यांदाच समजलं. ब्रोमाइडचा अर्धायुकाल बारा दिवस. बारा दिवसांत निम्म्या उंचीला, चोवीस दिवसांत पाऊण, छत्तीस दिवसांत त्याहून वर, आणि दीड-दोन महिन्यांत रेघेवर. मी काडीनं मातीत हे आकडे लिहिले. भाऊंनी खाली वाकून नीट पाहिले.

घरी मात्र आनंदाला जागा नव्हती. आत्या बदलली होती. मी आल्यावर तिनं मला दोनदा विचारलं, "कधी आला रे?" चालताना भिंतीला हात लावायची. जीभ जड झालेली, बोलणं ओढल्यासारखं. बसल्या बसल्या डोळे मिटायची. तोंडावर, पन्नाशीच्या बाईच्या तोंडावर, तारुण्यपिटिका याव्यात तसे लालसर फोड उठले होते. एकदा तिनं माझ्या आईला आपली कधीच वारलेली आई समजून हाक मारली. वडील म्हणाले, "दिमाग चालला तिचा." डॉक्टरांचं मत होतं की रात्री झोपेत नकळत फेफरं येत असावीत, त्यानं असं होतं. म्हणून दहा दिवसांपूर्वी त्यांनी खुराक वाढवून दोन दात्यांचे तीन केले होते. त्यानंतर ती आणखीच बिघडली. वडिलांनी तिला डोक्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरवत आणलं होतं. तिथं गेलेली माणसं परत येताना आम्ही पाहिलेली नव्हती. आत्या तिथं गेली तर घराचं काय होईल, माझं काय होईल, या विचारानं मी रात्री उठून तिच्याकडे पाहून यायचो.

मग ते ताट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी उशिरा जेवायला बसलो. आई शेजारी गेली होती आणि चुलीपाशी आत्याचं ताट वाढून ठेवलेलं होतं. आत्या भिंतीला टेकून झोपलेली. मी म्हटलं, तिचं नंतर वाढू, आणि तिच्या ताटातलंच पिठलं-भाकर खायला सुरुवात केली. पहिला घास थुंकला. पिठल्यात मिठाचा कण नाही. भाकरीत नाही. वांग्याच्या भाजीत नाही. माझ्या आईच्या हातून मीठ विसरतं असं कधी झालं नाही, आणि तिन्ही गोष्टींत तर नाहीच.

"आत्या, हे काय अळणी खाऊन राह्यली?"

ती अर्धवट जागी झाली. ओठ हलले. मग लहान मुलासारखी लाजली. "तू पास होईस्तोर," ती जड जिभेनं म्हणाली. "देवीपाशी बोलली मी. मीठ नाही खाणार जेवणात. तुही माय माहं वेगळं काढून ठेवते. तुह्या बापाले सांगू नको. हासते तो."

जून. माझा निकाल जूनमध्ये लागला होता. मला आधी फक्त राग आला. तिच्यावर नाही, कोणावर ते कळेना. परीक्षकांवर, देवीवर, माझ्या उलट्या व्याख्यांवर. नापास व्हायचं मी आणि मीठ सोडायचं हिनं! ताट ढकलून मी उठलो आणि रागातच पुस्तक उघडलं, का ते मला माहीत नाही. हाताला ब्रोमाइडचं पान लागलं कारण तेच रोज उघडत होतो. त्यात शेवटी बारीक टाइपात दोन ओळी होत्या. त्या मी वीस वेळा वाचल्या होत्या आणि वीस वेळा सोडून दिल्या होत्या. मिठाचं सेवन कमी असल्यास ब्रोमाइड साचून विषबाधा होऊ शकते.

मी उभा राहिलो. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. ब्रोमाइड हा क्लोराइडचा इतका जवळचा भाऊबंद की मूत्रपिंडाला दोघांतला फरक फारसा कळत नाही. भरपूर मीठ खाल्लं की शरीर जादाचं बाहेर टाकतं, आणि त्याच्याबरोबर ब्रोमाइडही वाहून जातं. मीठ बंद केलं की मूत्रपिंड हावरट होतं. क्लोराइड धरून ठेवतं, आणि त्याच्याबरोबर ब्रोमाइडही धरून ठेवतं. म्हणजे घागरी त्याच. चीर बुजत आली होती. बारा दिवसांचा अर्धायुकाल दुप्पट होऊन चोवीस झाला असला तर जुन्या डोसावरच रेघ दुप्पट वर गेली असणार, आणि जून ते पोळा हा तिथवर चढायला पुरेसा वेळ. तिचा मेंदू बदललेला नव्हता! मेंदू तेवढ्या ब्रोमाइडला जे करायचं तेच करत होता. तुमच्या-माझ्या रक्तात तितकं साचलं असतं तर आपणही भिंती धरल्या असत्या. बिघाड डायनॅमिक्समध्ये नव्हता, कायनेटिक्समध्ये होता. मी चप्पल न घालता धावलो.

दवाखान्यात आठ-दहा माणसं बसलेली. मी डॉक्टरांसमोर जाऊन धापा टाकत सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानातून काढला.

"अकरा वर्षं तोच डोस हाये," ते म्हणाले. "औषध बिघडलं असतं तं अकरा वर्षांपह्यले बिघडलं असतं. आणि तुम्ही नापास झाले ना बापू?"

रोगी हसले. माझे कान तापले आणि माझा आवाज चढला. "डोस तोच हाये साहेब, बाहेर जाणं तेच नाही! मीठ सोडलं तिनं जूनपासून. आणि तुम्ही त्याच्यावर तिसरा दाता चढवला."

गावात त्यांना असं कोणी बोललं नव्हतं. मी मनात म्हटलं, संपलं. पण मिक्श्चरच्या खिडकीतून भाऊंचा आवाज आला, अगदी सावकाश.

"साहेब, आपल्या मागच्या रांजणाची चीर गाळानं बुजली होती ना मागं? दोनच घागरी टाकायचो, तरी पाणी वरून वाह्यलं होतं."

डॉक्टर भाऊंकडे वळले. मग त्यांनी समोरच्या रोग्याला "थांबा जरासे" म्हटलं, कपाटातून वाळवीनं कडा खाल्लेलं पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या वाचलं. वाचून झाल्यावर ते माझ्याबरोबर आमच्या घरी चालत आले. भर दवाखान्याच्या वेळेत डॉक्टर रस्त्यानं चाललेले पाहून लोक ओट्यावर आले. त्यांनी आत्याच्या तोंडावरचे फोड बोटानं चाचपले, छाती ऐकली, पायावर सूज नाही ना हे दाबून पाहिलं. मग वडिलांना म्हणाले, "हिचा दिमाग नाही गेला. औषध साचलं. आणि मीच अजून टाकलं." एवढं म्हणायला त्यांना किती जड गेलं असेल, ते मला तेव्हा कळलं नाही. मी जिंकल्याच्या तोऱ्यात उभा होतो.

उपाय सोपा होता. ब्रोमाइड बंद, मीठ चालू, पाणी भरपूर. पण आत्यानं मान हलवली. डोळे अर्धे मिटलेले, जीभ वळत नाही, आणि हट्ट मात्र शाबूत. "देवीले बोलली." वडील ओरडले, आई रडली, मी पायाशी बसून किडनी समजावून सांगू लागलो, इतका मी गाढव.

संध्याकाळच्या आधी भाऊ आले. हातात बाटली, स्वच्छ धुतलेली, आत पाणी, अंगावर नवी दातेरी पट्टी. एरवी मोजकेच दाते असायचे, हिला ते वरपासून खालपर्यंत होते. डॉक्टरांनी दिवसाला दीड चमचा मीठ सांगितलं होतं, ते भाऊंनी मोजून दिवसभराच्या दात्यांत वाटलं होतं. ते ओट्यावरच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, हे जेवण नाही. हे औषध हाये. दर दोन घंट्याले एक दाता." आत्यानं बाटलीकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं आणि हात पुढे केला. पहिला दाता घेताना तिनं तोंड वाकडं केलं, पण काही बोलली नाही.

त्या दिवसांइतका उत्साह मला पुढं कधी आला नाही, डॉक्टर झाल्यावरही नाही. मीठ भरपूर मिळालं की ब्रोमाइडचा अर्धायुकाल तीन-चार दिवसांवर येतो. मी भिंतीवर कोळशानं खुणा करत होतो. चौथ्या दिवशी निम्मं. त्या दिवशी तिनं मला नावानं हाक मारली आणि विचारलं, "काऊन रे, अभ्यास नाही कराचा?" मी नाचलो. आठव्या दिवशी पाव. त्या दिवशी ती भिंत न धरता विहिरीपर्यंत गेली. वडील तिच्या मागोमाग, ती पडेल म्हणून, आणि ती त्यांना म्हणते, "माह्या मागं काऊन फिरून राह्यला?" ती शुद्धीवर आली तशी डॉक्टरांनी फेफऱ्यांसाठी फिनोबार्बिटोनची छोटी गोळी सुरू केली. तिसऱ्या आठवड्याच्या आत तिला एक हलकं फेफरं आलं. वडील घाबरले आणि गोळी वाढवा म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग त्यांनाच सांगितलं, "थांबा. या गोळीचा अर्धायुकाल चार-पाच दिवसांचा. रेघेवर यायले अजून दिवस हायेत. भरल्यावर पाहू." भरल्यावर वाढवावी लागली नाही.

दसऱ्यानंतर नागपूरला तोंडी परीक्षा. तेच परीक्षक, तेच टेबल. त्यांनी मला ओळखलं नाही किंवा ओळखल्याचं दाखवलं नाही. "डोस तोच, रोगी तोच, तरी विषबाधा. उदाहरण द्या." मी ब्रोमाइड आणि मीठ सांगितलं. रांजणही सांगितला. शेजारचे दुसरे परीक्षक पेन खाली ठेवून ऐकू लागले. माझा आवाज चढत गेला, हात हलू लागले. अर्धायुकाल, चीर, हिरवी रेघ, घागरी.

"ठीक," परीक्षक म्हणाले. "रोग्यानं मीठ का सोडलं होतं? पथ्य? हृदयविकार?"

हलणारे हात मी टेबलाखाली घेतले.

"घरी कोणाची तरी परीक्षा होती," मी म्हणालो.

परीक्षकांनी सही केली आणि म्हणाले, जा.

पास झाल्याचं कळल्यावर मी पहिल्या मोटारीनं मेहकर आणि तिथून डोणगाव गाठलं. आत्या चुलीपाशी होती. मी काही बोलायच्या आधीच तिनं माझं तोंड पाहिलं. उठली, देवीपुढं हात जोडून आली आणि पाट मांडले. दोन ताटं वाढली. तिचं ताट अजूनही वेगळं, वरण अळणी. पाच महिने तिनं जेवणात मीठ घेतलं नव्हतं.

"बाटलीतलं काय होतं, माहीत होतं ना तुले?" मी विचारलं.

"मले काय चव नाही समजत? मीठ होतं." ती हसली. "मी जेवणात नाही घेणार असं बोलली होती. औषधाचं कुठं बोलली होती?"

मी बरणीतून चिमूट घेतली. घाईत जास्तच आली. ती तिच्या वरणात टाकली आणि बोटानं कालवली, कारण तिनं चमचा पुढं केला तो मला दिसलाच नाही. तिनं भाताचा घास कालवला, तोंडात घातला, आणि डोळे मिटून बराच वेळ चावत राहिली.

"खारट केलं बे," ती म्हणाली, आणि दुसरा घास घेतला.